ऑक्सिटोसिन: पान्ह्यापासून ‘प्रेमाच्या हार्मोन’पर्यंत

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या बेळगावातील एका महिला मंडळात मी आरोग्य या विषयावर बोललो होतो. बोलण्याच्या भरात सांगून गेलो की ऑक्सिटोसिन हा प्रेमाचा हार्मोन आहे, घरच्या माणसांना दिवसातून आठ वेळा जवळ घेतले की तो वाढतो आणि तो वाढला की माणसामाणसांतला विश्वासही वाढतो. टाळ्या पडल्या. विधान ऐकायला गोड होते आणि मला ते खरे वाटत होते.

पुढे काही वर्षांनी एक आईवडील आपल्या सहा वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वडिलांनी मोबाइलवर नाकात मारायच्या एका फवाऱ्याची जाहिरात दाखवली. ते म्हणाले, “डॉक्टर, तुम्हीच मंडळात बोलला होता म्हणे, हिच्या बहिणीनं ऐकलंय. हा फवारा दिला तर पोरगा आमच्याकडं बघेल का?” मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचायला सुरुवात केली, ते वाचन आजवर चालू आहे. माझ्या त्या भाषणातले किती टिकले आणि किती गळाले, त्याचा हा हिशोब आहे.

सुरुवात १९०६ सालापासून करावी लागते. लंडनमध्ये हेन्री डेल नावाचा तरुण शरीरशास्त्रज्ञ अरगट या बुरशीजन्य औषधाचा अभ्यास करत होता. त्या ओघात त्याने बैलाच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क मांजरीवर वापरून पाहिला. अर्क देताच गर्भाशय जोराने आकुंचन पावले. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत बाळंतपणाच्या कळा आणणारे काहीतरी आहे, हे त्यातून कळले. पुढच्या चार-पाच वर्षांत अशाच अर्काने स्तनांतून दूध बाहेर येते, हेही इतर संशोधकांनी दाखवले. ‘लवकर प्रसूती’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या द्रव्याचे नाव ऑक्सिटोसिन पडले. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी त्याची रचना उलगडली. नऊ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी निघाली. त्यांनी ती प्रयोगशाळेत तयारही केली. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आज प्रसूतिगृहात कळा वाढवण्यासाठी सलाईनमधून जे औषध दिले जाते आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते हेच.

दुधाचा भाग मात्र आपल्याला नोबेलवाल्यांकडून शिकण्याची गरज नाही. मराठीत त्याला ‘पान्हा’ हा शब्द फार पूर्वीपासून आहे. दूध तयार होणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हा भेद आपल्या भाषेने केव्हाच केला आहे. दूध बनवणारे हार्मोन दुसरे. ऑक्सिटोसिन फक्त दुधाच्या कोशांभोवतीचे बारीक स्नायू आवळते आणि साठलेले दूध बाहेर येते. ज्याच्या घरी म्हैस होती त्याला ठाऊक असते की पारडू तोंडी लावले की ती पान्हावते, नेहमीच्या माणसाचा हात लागला की पान्हावते. अनोळखी माणूस बसला, कुत्रे भुंकले, की ती पान्हा चोरते. भीतीने ऑक्सिटोसिनचे सुटणे थांबते आणि ॲड्रिनॅलिन त्याचे काम रोखते. म्हणजे हार्मोन कधी सुटेल आणि सुटल्यावर काय करील, हे भोवतालच्या परिस्थितीवर ठरते. पुढे प्रयोगशाळेतील मंडळी जे शिकायला वीस वर्षे घेणार होती, त्याचे सार या गोठ्यातल्या अनुभवात आहे.

गोठ्यातली दुसरी गोष्टही सांगून टाकतो. पारडू नसताना दूध काढण्यासाठी म्हशीला टोचायची सुई म्हणजेही ऑक्सिटोसिन. या गैरवापराचे कारण देऊन केंद्र सरकारने २०१८ साली खाजगी कंपन्यांना ते बनवण्यास मनाई केली होती. बाळंतिणींचा जीव वाचवणारे हे औषध दुर्मिळ होईल, हा मुद्दा पुढे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. आपल्या विषयाला या सुईतून एक धडा मिळतो. टोचलेले ऑक्सिटोसिन रक्तातून कासेपर्यंत पोचते आणि दूध येते. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी असते. तिच्यातून हे द्रव्य फारसे आत जात नाही आणि रक्तातही ते काही मिनिटांत निम्मे होते. रक्तातले ऑक्सिटोसिन आणि मेंदूतले ऑक्सिटोसिन ही दोन वेगळी खाती आहेत, एवढे लक्षात ठेवा.

मग या कळा आणणाऱ्या, पान्हा फोडणाऱ्या द्रव्याचा प्रेमाशी संबंध कुठून आला? तो आला मेंदूतल्या खात्यातून. १९७९ मध्ये अमेरिकेत पेडरसन आणि प्रांज या दोघांनी कधीही व्यालेली नाही अशा उंदरिणींच्या मेंदूतील पोकळीत थेट ऑक्सिटोसिन सोडले. त्यांना आधी स्त्री-हार्मोन देऊन तयार केले होते. एरवी परक्या पिलांना टाळणाऱ्या त्यांपैकी अनेकजणी पिले उचलून घरट्यात आणू लागल्या, त्यांना चाटू लागल्या. मातृत्वाची वागणूक एका द्रव्याने जागी होऊ शकते, असा त्याचा अर्थ निघत होता.

नंतर आले व्होल. हा आपल्या शेतातल्या उंदरासारखा दिसणारा अमेरिकेतील प्राणी. त्यातल्या प्रेअरी जातीचे नर-मादी जोडी करून राहतात आणि पिले मिळून वाढवतात. डोंगराळ भागातील त्याचा एक भाऊबंद मात्र एकलकोंडा. स्यू कार्टर, टॉम इन्सेल यांच्यासारख्यांनी या दोन जातींचे मेंदू आणि वागणे तपासले. ऑक्सिटोसिन ज्यांच्यावर जाऊन बसते त्या पेशींवरील जागांना आपण ‘ग्राही’ म्हणू. प्रेअरी व्होलच्या मेंदूत सुखाच्या जाणिवेशी निगडित असलेल्या भागात हे ग्राही दाट होते, डोंगरी व्होलमध्ये तिथे ते विरळ होते. शिवाय प्रेअरी मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले, तर नराशी संग न होताही ती त्याच नराच्या शेजारी बसणे पसंत करू लागे. हे काम कसोशीचे होते आणि संशोधकांची भाषा सावध होती. ते ‘जोडीदाराची पसंती’ असे लिहीत, कारण मोजले होते ते एवढेच की तीन कप्प्यांच्या पेटीत मादी ओळखीच्या नराशेजारी किती वेळ बसते आणि परक्याशेजारी किती. वर्तमानपत्रांनी त्या बसण्याचे नाव प्रेम ठेवले.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. २००५ च्या जूनमध्ये ‘नेचर’ या मातबर नियतकालिकात झुरिच विद्यापीठातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोसफेल्ड, हाइनरिक्स, झॅक, फिशबाखर आणि फेर हे त्याचे लेखक. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना बोलावले. निम्म्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला, निम्म्यांच्या नाकात औषध नसलेला तसाच फवारा. कोणाला काय मिळाले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. पन्नास मिनिटे थांबून त्यांना पैशांचा एक खेळ खेळायला दिला.

तो खेळ नीट समजून घ्या, कारण सगळी कीर्ती त्याच्यावर उभी आहे. समजा तुमच्याकडे १२ नाणी आहेत आणि समोरच्या अनोळखी माणसाकडेही १२ आहेत. तुम्ही त्याला काहीच न देऊ शकता किंवा ४, ८ वा १२ नाणी देऊ शकता. तुम्ही जे द्याल त्याच्या तिप्पट त्याच्या हातात पडते. तुम्ही ८ दिलीत, तर त्याच्याकडे २४ पोचतात आणि त्याची शिल्लक ३६ होते, तुमच्याकडे ४ उरतात. आता त्याने तुम्हाला किती परत करायचे हे तो ठरवणार. त्याने १६ परत केली, तर दोघांकडे २० होतात आणि दोघांचाही फायदा होतो. काहीच परत केले नाही, तर तुम्ही ४ वर बसता आणि तो ३६ घेऊन जातो. म्हणून तुम्ही किती देता, ते तुमच्या विश्वासाचे माप धरले.

निकाल असा आला. ऑक्सिटोसिन मिळालेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी पूर्ण विश्वास दाखवला. खोटा फवारा मिळालेल्या २९ जणांपैकी असे ६ जण होते. सरासरी दिलेली रक्कम १७ टक्क्यांनी जास्त होती. समोर माणूस नसून केवळ नशीब असेल, अशा दुसऱ्या खेळात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे फवाऱ्याने माणूस बेफिकीर झाला नाही, माणसावरचा विश्वासच वाढला, असा निष्कर्ष काढला गेला. याच लेखात आणखी एक गोष्ट छापलेली होती, ती फारशी कोणी सांगितली नाही. पैसे परत करणाऱ्यांच्या नाकात ऑक्सिटोसिन मारले, तर ते जास्त परत करत नव्हते. विश्वास टाकणारे वाढले, विश्वासाला जागणारे वाढले नाहीत. हा जर प्रेमाचा हार्मोन असता, तर दुसऱ्या बाजूलाही त्याने थोडी माया दाखवायला हवी होती.

पुढची काही वर्षे दिवाळीसारखी गेली. फवारा सोपा होता, सुरक्षित होता, कोणत्याही मानसशास्त्र विभागाला प्रयोग करता येत होता. उदारता, डोळ्यांतले भाव ओळखणे, जोडप्यांची भांडणे, जे सुचेल त्यावर फवारा मारून पाहिले गेले. पाच लेखकांपैकी पॉल झॅक यांनी २०११ मध्ये एका गाजलेल्या भाषणात दिवसाला आठ मिठ्यांचा सल्ला दिला आणि २०१२ मध्ये ‘द मॉरल मॉलिक्यूल’, म्हणजे नीतीचा रेणू, या नावाचे पुस्तक काढले. माझ्या मंडळातल्या भाषणाचे मूळ तिथे होते.

याच काळात न जुळणारे निकालही येत होते. २००९ मध्ये इस्रायलमधील एका प्रयोगात ऑक्सिटोसिन घेतलेल्यांना दुसरा जास्त जिंकला तर जास्त असूया वाटली आणि तो हरला तर जास्त आनंद झाला. नेदरलँड्समध्ये कार्स्टन द द्रू यांच्या प्रयोगांत आपल्या गटाविषयी आपुलकी वाढलेली दिसली, परक्या गटाविषयी मात्र नाही. आपल्या गोठ्यातली म्हैसही हेच करते. स्वतःच्या पारडासाठी पान्हावणारी तीच म्हैस परक्या पारडाला लाथ मारते. हे प्रयोगही लहान होते, तेव्हा तेही अखेरचा शब्द नव्हेत. पण ‘ऑक्सिटोसिन म्हणजे चांगुलपणा’ हे समीकरण त्यांनी हलवले.

मग लोक मुळाशी गेले. पहिला प्रश्न होता की नाकात मारलेले मेंदूत पोचते का? झुरिचमधील मात्रा २४ युनिट होती, म्हणजे सुमारे ४० मायक्रोग्रॅम. शरीराच्या हिशोबाने ही मोठी मात्रा आहे, रक्तातील पातळी ती झपाट्याने वाढवते. मेंदूभोवतीच्या द्रवात मात्र तिचा अगदी किरकोळ अंश जातो. २०१३ साली माणसांवर मोजून पाहिले तेव्हा त्या द्रवातील वाढ सव्वा तासाने दिसली आणि झुरिचमध्ये तर पन्नास मिनिटांनी खेळ सुरू झाला होता. दुसरा प्रश्न मोजण्याचा. ‘मिठीनंतर रक्तातील ऑक्सिटोसिन वाढले’ असे सांगणाऱ्या अनेक अभ्यासांत रक्ताचा नमुना आधी शुद्ध न करताच तपासला होता. अशा तपासणीत खऱ्याच्या शंभरपटही आकडा येऊ शकतो, कारण चाचणी इतर द्रव्यांनाही ऑक्सिटोसिन समजते. आणि आकडा खरा असला, तरी तो रक्ताच्या खात्यातला, मेंदूच्या नव्हे.

तिसरा प्रश्न साध्या अंकगणिताचा होता. १३ विरुद्ध ६ हा फरक डोळ्यांत भरतो. पण पहिल्या गटातील फक्त तिघांनी त्या दिवशी थोडा हात आखडता घेतला असता, तर तो १० विरुद्ध ६ झाला असता आणि कोणी बातमी छापली नसती. एका गटात योगायोगाने स्वभावाने मोकळे चार-पाच तरुण जास्त आले, तरी असा फरक दिसतो. लेखकांनी लबाडी केली असे यात काही नाही. २९-२९ माणसांच्या मोजणीत एवढाच भार पेलतो.

असा निकाल एकदा छापला गेला की पुढच्यांची अडचण होते. बेल्जियममधील लूव्हाँ येथील एका प्रयोगशाळेने ती अडचण स्वतःच उघड केली. हे काम मला सगळ्यात जास्त भिडले. २००९ ते २०१४ या काळात त्यांनी ऑक्सिटोसिनच्या फवाऱ्याचे ८ अभ्यास केले, ४५३ माणसांवर. अपेक्षित ते बहुतेक वेळा आले नाही. पण छापून आले ते पाच लेख आणि त्यांतील फक्त एकात ‘परिणाम दिसला नाही’ असे लिहिलेले होते. बाकीचे नकार टेबलाच्या खणात पडून राहिले. आपली छापील कीर्ती आपल्या खऱ्या आकड्यांपासून दूर जात आहे, हे ध्यानात आल्यावर २०१६ मध्ये त्यांनी तो खण उघडून सगळे प्रसिद्ध केले. जगात अशा किती प्रयोगशाळा असतील आणि त्यांचे किती खण, याचा विचार करा. नियतकालिकांना होकार आवडतात, नकार नको असतात. मग वाचकाच्या हाती फक्त होकार पडतात आणि त्याला वाटते की साऱ्या जगाने हे सिद्ध केले आहे. मीही तसाच वाचक होतो.

२०१५ मध्ये नावे, कॅमेरर आणि मॅकलो यांनी विश्वासाच्या खेळाचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. बेरजेत ऑक्सिटोसिनचा परिणाम शून्याहून वेगळा ठरत नव्हता. त्यावर आक्षेप आला की नंतरच्या प्रयोगांत खेळणाऱ्यांची आधी एकमेकांशी जुजबी भेटही होत नव्हती, झुरिचमध्ये ती होती. म्हणून बेल्जियममधील कॅरोलिन डेक्लर्क आणि सहकाऱ्यांनी पुन्हा प्रयोग केला. त्यांच्यात मूळ झुरिच लेखाचे लेखक अर्न्स्ट फेर स्वतः होते. या वेळी ६७७ पुरुष होते. काय मोजायचे आणि कसे, हे आधीच लिहून नोंदवून ठेवले होते, म्हणजे निकाल पाहून निकष बदलण्याची सोय उरली नाही. काहींची जुजबी भेट घडवली, काहींची नाही. २०२० मध्ये निकाल आला. भेट घडवलेल्या गटात, म्हणजे झुरिचसारख्याच परिस्थितीत, फवाऱ्याचा विश्वासावर परिणाम दिसला नाही. भेट न झालेल्यांपैकी मुळात संशयी स्वभावाच्या काहींमध्ये थोडा फरक असावा असे वाटले, पण ते नंतर शोधलेले निरीक्षण आहे, त्याची खात्री व्हायची आहे, असे लेखकांनीच लिहिले. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाची अशी परीक्षा घेणाऱ्या फेर यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. दोन्ही बाजूंना अज्ञात ठेवून केलेल्या चाचणीची मागणी माझ्या शास्त्राकडे नेहमी केली जाते आणि तिला सामोरे जाणे सोपे नसते. म्हणूनच ऑक्सिटोसिनला मी सवलत देऊ शकत नाही.

आता त्या आईवडिलांचा प्रश्न. ते आले तेव्हा मोठी चाचणी पूर्ण झालेली नव्हती. मी त्यांना एवढेच सांगितले की याचा पुरावा मला सापडला नाही, फवाऱ्यावर पैसे घालू नका, मुलाची वाचा आणि वर्तणूक यांसाठी चाललेले प्रशिक्षण सोडू नका. २०२१ मध्ये अमेरिकेतील चाचणीचा अहवाल आला. ३ ते १७ वर्षांच्या २९० स्वमग्न मुलांना २४ आठवडे रोज ऑक्सिटोसिनचा किंवा औषध नसलेला फवारा दिला गेला होता. लोकांत मिसळण्याच्या वागणुकीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. माझा सल्ला बरोबर निघाला, पण त्याचा आनंद करण्यासारखे काही नव्हते. ज्या आशेपोटी ती माणसे आली होती, ती आशा माझ्या भाषणातूनच त्यांच्यापर्यंत पोचली होती.

व्होलच्या कथेनेही वळण घेतले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी जनुकाची काटछाट करून ऑक्सिटोसिनचे ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल जन्माला घातले. अपेक्षा अशी की हे एकलकोंडे निघतील. त्यांनी जोड्या केल्या, जोडीदाराशेजारी बसले, माद्या व्यायल्या आणि पिलांना पाजलेही. फक्त पाजणे थोडे कमी पडले, त्यांची पिले कमी वाचली आणि अंगाने लहान राहिली. जन्मापासून एक वाट बंद असेल तर मेंदू दुसरी वाट काढत असावा. जुने प्रयोग त्यामुळे खोटे ठरत नाहीत. ऑक्सिटोसिन जोडी जमवण्याच्या कामात हातभार लावते, पण ते काम त्याच्या एकट्यावर अवलंबून नाही, एवढे त्यातून कळते. विशेष म्हणजे ऑक्सिटोसिनवाचून अडले ते पुन्हा दुधापाशीच.

माझ्या भाषणाचा हिशोब आता असा लागतो. कळा, पान्हा आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणे, हे टिकले. उंदीर, मेंढ्या, व्होल यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचा सोबतीच्या वागणुकीशी संबंध आहे, हेही टिकले, मात्र जात, ग्राहींची जागा आणि प्रसंग यांच्या अटींसह. नाकात फवारा मारून माणसाचा विश्वास वाढतो, हे टिकले नाही. आठ मिठ्यांचा आकडा तर कशावरच उभा नव्हता. घरच्यांना जवळ घ्यायला हार्मोनचे कारण लागत नाही, ते आपण पूर्वीपासून करत आलो आहोत.

त्या महिला मंडळात पुन्हा बोलावणे आले, तर हे सगळे तिथे सांगायचे ठरवले आहे. या वेळी टाळ्या कमी पडतील.